डोकं तापतं तेव्हा नेमकं काय तापतं?

प्रश्न: रूपक म्हणजे एका गोष्टीच्या आधाराने दुसरी समजून घेणं आणि मेटोनिमी म्हणजे जवळच्या गोष्टीचं नाव घेऊन मूळ गोष्ट सुचवणं, इथपर्यंत कळलं. पण 'डोकं तापलं', 'राग गिळला', 'पारा चढला' अशी वाक्यं समोर आली की कुठलं काय ते ठरत नाही. ठरवायची काही पद्धत आहे का? आणि हे खरंच विचारांचे साचे आहेत, की नुसते वाक्प्रचार?

उत्तर:

तुम्ही तिन्ही उदाहरणं रागाचीच घेतलीत, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. 'दिल्लीने प्रस्ताव फेटाळला' हे वाक्य दिलं असतं तर तुम्ही पटकन मेटोनिमी म्हणाला असता, कारण शहराचं नाव घेऊन सरकार सुचवलं आहे. 'आयुष्याच्या वाटेवर भेटलेली माणसं' म्हटलं असतं तर तितक्याच सहज रूपक म्हणाला असता. भावनांच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी एकाच मुळातून फुटतात. म्हणून व्याख्या पाठ असूनही हात अडखळतो. मी भाषाविज्ञान शिकवते आणि बरीच वर्षं विद्यार्थ्यांबरोबर अशा वाक्यांची छाननी करते आहे. सगळ्यात जास्त वाद रागाच्या वाक्यांवरच होतात, म्हणून उत्तर रागापुरतंच ठेवते. ते नीट हाताळता आलं की बाकीचं फारसं अडत नाही.

सुरुवात शरीरापासून करू. माणूस चिडला की काय दिसतं? चेहरा लाल होतो, भुवया आक्रसतात, कपाळाला आठ्या पडतात, दात ओठांवर दाबले जातात, मुठी वळतात, श्वास जोरात होतो. आपल्याकडे रसचर्चेत या गोष्टींना नाव आहे: अनुभाव. नाट्यशास्त्रात रौद्ररसाचे अनुभाव सांगताना लाल डोळे, चढलेल्या भुवया, दात-ओठ चावणं, हातावर हात चोळणं असं सगळं येतं. नटाने हे करून दाखवलं की प्रेक्षकाला क्रोध दिसतो, त्याला 'मी रागावलो आहे' असं म्हणावं लागत नाही. रोजच्या भाषेतली मेटोनिमी हेच करते. 'त्याने दातओठ खाल्ले' म्हटलं की ऐकणाऱ्याला राग कळतो. आपण परिणाम सांगतो आणि कारण समजून घेतलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगातल्या, एकाच शरीरातल्या, एकमेकींना लागून असलेल्या असतात.

इथून माझी पहिली कसोटी निघते. वाक्यात जे म्हटलं आहे ते त्या क्षणी खरोखर घडलेलं असू शकतं का, आणि रागाचा संबंध नाकारूनही ते वाक्य शहाण्यासारखं राहतं का? 'त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पण रागाने नव्हे, उन्हातून चालत आला होता.' हे वाक्य अगदी ठीक आहे. म्हणजे लाल होणं ही घटना स्वतंत्रपणे खरी आहे, राग हा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. ही मेटोनिमी. आता हे पाहा: 'त्याचा पारा चढला होता, पण रागाने नव्हे, उन्हातून चालत आला होता.' मराठी कानाला हे लगेच खटकतं. माणसाच्या अंगात पारा नसतोच, तेव्हा राग काढून घेतला की त्या वाक्याला उभं राहायला जागाच उरत नाही. इथे रूपक आलं.

ज्यांनी काव्यशास्त्रातली लक्षणा शिकली आहे त्यांची इथे एक ठरावीक चूक होते, म्हणून ते सांगून पुढे जाते. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेसाठी तीन गोष्टी सांगितल्या: मुख्यार्थाला बाधा यायला हवी, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध हवा, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक हवं. 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती, हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पाण्यावर वस्ती असू शकत नाही, म्हणून आपण काठ समजतो. संबंध सादृश्याचा असेल तर ती गौणी लक्षणा, दुसरा कुठला असेल तर शुद्धा. ही विभागणी रूपक आणि मेटोनिमी यांच्या भेदाच्या खूप जवळ येते, आणि विद्यार्थ्यांना मी ती आवर्जून आठवायला सांगते. पण 'चेहरा लाल झाला' यात मुख्यार्थाला काहीच बाधा येत नाही. चेहरा खरंच लाल झालेला असतो. म्हणून 'शब्दशः अर्थ लागत नाही' या एकाच खुणेवर अवलंबून राहिलात तर शरीराच्या मेटोनिमी तुमच्या हातून निसटतील, आणि रागाच्या भाषेत त्याच सगळ्यात मोलाच्या आहेत.

आता 'डोकं तापलं'. हे वाक्य पहिल्या कसोटीवर टाकलं की वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी उत्तरं येतात, आणि दोघंही बरोबर असतात. 'उन्हात फिरून डोकं तापलंय' यात राग नाही, नुसती उष्णता आहे. 'त्याचं उत्तर ऐकून माझं डोकंच तापलं' यात राग आहे. पण रागात डोक्याकडे रक्त धावल्यासारखं आणि कान गरम झाल्यासारखं वाटतं, हेही खरं. शरीराचा पाया अगदीच कल्पनेतला नाही. एकमन, लेव्हन्सन आणि फ्रीझन यांनी 1983 मध्ये वेगवेगळ्या भावनांच्या वेळी शरीरात होणारे बदल मोजले, तेव्हा रागात बोटांचं तापमान भीतीपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. आता भीतीचे आपले शब्द आठवून बघा: हातपाय गार पडले, पांढराफटक पडला, गोठून उभा राहिला. राग गरम आणि भीती गार, ही वाटणी भाषेने हवेतून काढलेली नाही.

मग 'डोकं तापलं' कुठे टाकायचं? इथे दुसरी कसोटी लावायची: हाच शब्द ज्याला शरीर नाही अशा गोष्टीला लावता येतो का? 'चर्चा तापली', 'वातावरण तापलं', 'प्रकरण तापलं' हे आपण सर्रास म्हणतो. चर्चेला कान नसतात, तिचं रक्त कुठे धावत नाही. लक्षण म्हणून सुरू झालेली उष्णता इथे शरीर सोडून मोकळी झाली आहे आणि 'राग म्हणजे उष्णता' असा सरळ नकाशा तयार झाला आहे. उलट 'चर्चेने मुठी आवळल्या' असं आपण म्हणत नाही. 'प्रकरणाने दातओठ खाल्ले' असंही नाही. मुठी आणि दात अजून लक्षणाच्या पायरीवरच थांबले आहेत. तापणं पुढे निघून गेलं आहे.

दोन्ही एकमेकांत मिसळल्याच्या या अवस्थेला बेल्जियन अभ्यासक लुई गोसेन्स यांनी 1990 मध्ये मेटाफ्टोनिमी असं जोडनाव दिलं. नाव लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, रचना लक्षात ठेवा. खाली लक्षण असतं आणि त्या लक्षणावर रूपक उभं राहतं. 'पारा चढला' यात तर तीन मजले आहेत. नळीत पारा वर जातो ही उष्णता वाढल्याची खूण आहे. खुणेवरून उष्णता समजायची, ही मेटोनिमी. ती उष्णता रागाची समजायची, हे रूपक. आणि राग गरम का, तर शरीरात तसं लक्षण दिसतं, ही पुन्हा मेटोनिमी.

सुरुवातीला मी विद्यार्थ्यांना तक्त्यात एकच रकाना द्यायचे: रूपक किंवा मेटोनिमी. दोघांनी एकमेकांशी न बोलता तीच वाक्यं तपासायची आणि मग ताडून बघायचं, ही आमची पद्धत. जिथे दोघांचं जुळत नसे तिथे कुणीतरी घाई केली असेल असं मी धरून चालायचे. काही वर्षांचे तक्ते एकत्र मांडल्यावर दिसलं की न जुळणारी वाक्यं दर वेळी एकाच जातीची आहेत: तापणं, रक्त उसळणं, फुगणं, थरथरणं. चूक विद्यार्थ्यांची नव्हती, एका रकान्यात दोन प्रश्न कोंबले होते. तेव्हापासून मी दोन रकाने देते. पहिल्यात लिहायचं, 'ही प्रतिमा आली कुठून?' दुसऱ्यात, 'या वाक्यात ती काय काम करते आहे?' 'डोकं तापलं' पहिल्या रकान्यात मेटोनिमी होतं आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा रूपक. तेव्हापासून वाद बरेच कमी झाले.

दुसऱ्या रकान्यासाठी एक ठरलेली पद्धत आहे. 2007 मध्ये प्रॅगलजॅझ नावाच्या दहा अभ्यासकांच्या गटाने ती प्रसिद्ध केली. आधी सगळा मजकूर वाचायचा, मग एकेका शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ लिहायचा, मग त्याच शब्दाचा आजच्या भाषेतला अधिक मूलभूत अर्थ शोधायचा, म्हणजे जास्त हाताला लागणारा, शरीराशी जवळचा, नेमका. दोन अर्थ वेगळे असतील आणि पहिला दुसऱ्याशी तुलना करून समजत असेल तर खूण करायची. ही पद्धत रूपकासाठी आहे, मेटोनिमीसाठी नाही. म्हणून तिला मी वरची शरीराची कसोटी जोडते.

एक छोटा उतारा घेऊन करून दाखवते.

> सकाळपासून तो धुमसत होता. बैठकीत त्याने राग गिळला. घरी आल्यावर मुलाच्या एका शब्दाने त्याचा चेहरा लाल झाला, मुठी वळल्या, आणि दिवसभराचा राग त्याने मुलावर काढला. रात्री डोकं शांत झाल्यावर तो मुलाच्या उशाशी जाऊन बसला.

'धुमसत होता'. मूलभूत अर्थ: ज्वाळा न दिसता आतल्या आत जळणं, धूर येत राहणं. इथला अर्थ: राग न दाखवता तो मनात चालू असणं. शरीरात धूर होत नाही, तेव्हा हे लक्षण नाही. रूपक, आणि स्रोत आग.

'राग गिळला'. गिळणं म्हणजे तोंडातली वस्तू घशाखाली उतरवणं. रागाला वस्तूपण नाही, तेव्हा रूपक. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. गिळलेली वस्तू नाहीशी होत नाही, आत जाऊन बसते. म्हणून वाचकाला पुढच्या वाक्याची चाहूल लागते, हा राग कुठेतरी बाहेर पडणार. 'त्याने राग सोडून दिला' असं लिहिलं असतं तर ती चाहूल लागली नसती. एका क्रियापदाने गोष्टीचा पुढचा भाग बांधून टाकला. आणि तरी, आवंढा गिळणं हे खरंखुरं लक्षणही आहे. बोलायचं ते न बोलता माणूस आवंढा गिळतो. पहिल्या रकान्यात मी त्याची नोंद करते.

'चेहरा लाल झाला, मुठी वळल्या'. दोन्ही मेटोनिमी, दोन्ही घटना खऱ्या. लक्षात घ्या, लेखकाने या वाक्यात 'राग' हा शब्द नंतर आणला आहे. तो आला नसता तरी आपल्याला कळलंच असतं.

'राग मुलावर काढला'. काढणं म्हणजे आतली वस्तू बाहेर आणणं. माणूस भांडं, राग त्यातला ऐवज. 'दिवसभराचा' हा शब्दही पाहा. राग साठतो आणि त्याचा साठा मोजता येतो, असं धरल्याशिवाय तो शब्द तिथे बसत नाही.

'डोकं शांत झालं'. डोकं इथे मनाच्या जागी आलं, जागेवरून तिथे चालणारं काम, म्हणून मेटोनिमी. 'शांत' हे जास्त गुंतागुंतीचं आहे. आपण माणूस शांत झाला म्हणतो, समुद्र शांत झाला म्हणतो, आणि दिवा विझला म्हणणं टाळून दिवा शांत झाला असंही म्हणतो. उताऱ्याची सुरुवात धुमसण्याने झाल्यामुळे माझ्या कानाला इथे आग निवल्याचा अर्थ ऐकू येतो. पण हा उतारा बाजूला ठेवला तर मी ते ठामपणे म्हणणार नाही. काही गोष्टी सभोवतालच्या मजकुरावरच अवलंबून असतात, आणि तिथे 'संदिग्ध' असं लिहिण्यात कमीपणा नाही.

इथे व्युत्पत्तीच्या मोहाबद्दल सांगायला हवं, कारण यात हुशार माणसं जास्त फसतात. 'राग' हा शब्द 'रञ्ज्' धातूवरून आला, रंगणं, लाल होणं. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली, आणि आसक्ती, प्रेमसुद्धा. 'अनुराग' त्यातलाच. 'संताप' मध्ये तर ताप उघड दिसतो. लगेच वाटतं, बघा, शब्दातच लाल चेहरा आणि उष्णता आहे. पण 'मला राग आला' म्हणताना आज कुणाच्या मनात रंग येत नाही, आणि संस्कृतातला राग प्रेमाकडेही तितकाच वळत होता, तेव्हा लाल चेहऱ्यापासून रागापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. शब्दाचा इतिहास हा इतिहासाचा पुरावा आहे. आजच्या बोलणाऱ्याच्या विचाराचा पुरावा हवा असेल तर आजची भाषा बघावी लागते: कुठले नवे प्रयोग सहज सुचतात, कुठले ऐकताक्षणी कळतात. 'अजून थोडं बोललास तर वाफ बाहेर पडेल' हे वाक्य तुम्ही पूर्वी कधी ऐकलं नसेल, तरी कळलं. साचा जिवंत असल्याची ही खूण.

आणि इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये जे मांडलं, आणि पुढे रागाच्या भाषेवर लेकॉफ आणि हंगेरियन अभ्यासक झोल्तान क्योवेचेश यांनी जे काम केलं, त्याचा गाभा असा: हे प्रयोग सुटे नसतात. राग साठतो, खदखदतो, उसळतो, उफाळतो, दाबून ठेवावा लागतो, शेवटी स्फोट होतो. ही सगळी एकाच चित्राची अंगं आहेत, बंद भांड्यात तापणारं पाणी. भांड्याबद्दल जे माहीत आहे ते आपण रागाला लावतो. जास्त तापलं की पातळी वर येते, 'तळपायाची आग मस्तकात गेली' यात हीच वर चढण्याची कल्पना आहे, फक्त पाण्याऐवजी आग आहे. जपानी भाषेतही राग पोटातून छातीत आणि छातीतून डोक्यात चढतो, आणि चिनी भाषेत भांड्यात पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. शरीर सगळ्यांचं सारखं असल्यामुळे भांडं आणि दाब अनेक भाषांत भेटतात, आत काय भरलं आहे ते भाषेगणिक बदलतं.

पण 'एकाच चित्राची अंगं आहेत' एवढ्याने विचाराचा साचा सिद्ध होत नाही. टीकाकारांचा आक्षेप योग्य आहे: भाषेवरून विचार ठरवायचा आणि त्याच विचाराने भाषा समजावायची, हे गोल फिरणं झालं. म्हणून भाषेबाहेरचा पुरावा लागतो. गिब्ज आणि ओब्रायन यांनी 1990 मध्ये लोकांना रागाचे इंग्रजी वाक्प्रचार दिले, झाकण उडणं अशा धर्तीचे, आणि मनात चित्र आणायला सांगितलं. मग विचारलं: हे कशामुळे झालं? मुद्दाम झालं का? हळूच झालं की जोरात? शब्द वेगवेगळे असूनही लोकांची उत्तरं खूप जुळली: आतल्या दाबामुळे, इच्छा नसताना, जोरात. झाकण उडालं याचा शब्दशः प्रसंग डोळ्यासमोर आणायला सांगितला तेव्हा मात्र उत्तरं इतकी जुळली नाहीत. वाक्प्रचार नुसता अर्थासह पाठ केलेला असता, तर दाब आणि अनिच्छा ही माहिती लोकांनी कुठून आणली?

मला स्वतःला याहून जास्त पटणारा पुरावा म्हणजे साचा आपल्याला चुकीच्या वाटेला नेतो तेव्हाचा. मराठीत रागाची दोन मोठी चित्रं शेजारी शेजारी नांदतात. एक भांड्याचं, दुसरं आगीचं: ठिणगी पडली, भडकला, पेटला, धुमसत राहिला, आगीत तेल ओतलं, विझला. रोजच्या बोलण्यात आपण या दोन चित्रांतून इतक्या सहज ये-जा करतो की ती वेगळी आहेत हे लक्षातही येत नाही. पण त्यांतून निघणारे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. भांड्याच्या चित्रात राग हा साठा आहे, बाहेर काढला की तेवढा कमी होतो. म्हणून आपण म्हणतो, 'आत ठेवू नकोस, बोलून टाक, मोकळी हो.' आगीच्या चित्रात राग ही चालू असलेली क्रिया आहे, जितकी ढवळाल तितकी पेटते, इंधन थांबवलं तर निवते. कुठल्या चित्रात उभे आहात यावरून तुम्ही चिडलेल्या माणसाला काय सांगणार ते ठरतं.

ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये हे तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना निबंध लिहायला सांगून त्यावर बोचरा अभिप्राय दिला, म्हणजे ते चिडले. मग एका गटाला ज्याने चिडवलं त्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, दुसऱ्याला व्यायामाचा विचार करत, आणि तिसरा गट नुसता शांत बसला. भांड्याचं चित्र खरं असतं तर पहिल्या गटाचा राग सगळ्यात कमी उरायला हवा होता. तो सगळ्यात जास्त उरला. निदान या बाबतीत आगीचं चित्र जास्त जवळचं निघालं. तरीही 'राग बाहेर काढ' हा सल्ला आपल्याला इतका स्वयंसिद्ध वाटतो की तो भांड्याच्या रूपकातून आला आहे हेच कुणाला जाणवत नाही. नुसत्या वाक्प्रचारात एवढी ताकद नसते. अर्थात कुणाशी तरी बोलून हलकं वाटतं, ते खोटं नाही. पण बोलताना बहुतेकदा आपण प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. साठा रिकामा होण्याची कल्पना त्यासाठी लागत नाही.

मर्यादाही सांगते. उष्णता ही एकट्या रागाची मिरास नाही. मत्सराने माणूस जळतो, विरहानेही पोळतो. म्हणून 'जळणं' दिसलं की रागाच्या खात्यात टाकू नका, भोवतालची वाक्यं वाचा. आणि रागाचे सगळे प्रयोग या दोन चित्रांत बसत नाहीत. 'रागाच्या आहारी गेला', 'रागावर ताबा मिळवला' यांत राग हा प्रतिस्पर्धी आहे, पाणी नाही आणि आगही नाही. ते ओढूनताणून बसवू नका, त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा.

तुम्ही स्वतः सुरुवात करणार असाल तर 'डोळ्यांत रक्त उतरलं' हा प्रयोग घेऊन बघा. पहिल्या रकान्यात नाट्यशास्त्रातला तोच लाल डोळा आहे. पण 'उतरलं' हे क्रियापद बघा: रागाच्या बाकीच्या प्रयोगांत सगळं वर चढतं, इथे रक्त खाली उतरतं. आणि 'राग उतरला' म्हणजे तर राग गेला. मग इथे रक्त उतरल्यावर राग वाढतो कसा? माझ्या विद्यार्थ्यांत यावर दोन मतं आहेत. काहींना वाटतं रक्त मस्तकात आधीच चढलेलं आहे आणि तिथून डोळ्यांत येतं. काही म्हणतात की 'डोळ्यांत पाणी आलं' याच्या धर्तीवर, आतली गोष्ट डोळ्यांत दिसू लागणं एवढाच 'उतरणं'चा अर्थ आहे, दिशेचा काही संबंध नाही. मी दुसऱ्या मताकडे झुकते, कारण 'चेहऱ्यावर थकवा उतरला', 'लिखाणात अनुभव उतरला' इथेही दिशा नसते, दिसू लागणं असतं. तुम्हाला 'उतरणं'ची आणखी काही वाक्यं सुचली तर खाली लिहा, दोन्ही रकाने भरून.